काचेवर राहिलेलं कार्ड

झेरॉक्सवाल्याला गल्लीत सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण त्याच्या कानावर कधीच गेलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. माणूस वाईट नव्हता हो. फक्त दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय हे बघितल्याशिवाय त्याला स्वतःचा घास गिळवत नसे. आणि देवाने धंदाही असा दिला की विचारू नका! बावीस वर्षं लोक आपणहून आपले कागद त्याच्या हातात आणून देत होते. भाडेकरार, गुणपत्रिका, दवाखान्याचे रिपोर्ट, घटस्फोटाचे अर्ज. कागद काचेवर पालथा घालायच्या आधी तो एकदा उताणा बघायचाच. "सरळ लागला पाहिजे ना," म्हणायचा. सरळ लावायला तारीख, वेळ आणि सहीपर्यंत वाचावं लागतं का? पण त्याला हे विचारणार कोण?

त्याची बायको विचारायची. ती दुकानाच्या आतल्या बाजूला स्पायरल बाइंडिंग आणि लॅमिनेशन करायची, आणि त्याच्या मानेचा कोन बघून तो वाचतोय हे तिला कळायचं.

"अहो, छापा. वाचू नका."

"शाई नीट येतेय का बघतोय."

"हो का? शाई डोळ्यांनी नाही, ओठ हलवून बघतात वाटतं."

त्या शनिवारी संध्याकाळी आठ वाजता कोपऱ्यातलं, फक्त गर्दीत वापरायचं दुसरं मशीन पुसायला म्हणून त्याने झाकण उचललं, आणि काचेवर एक ओळखपत्र पालथं पडलेलं दिसलं. या धंद्यात हे नवीन नव्हे. लोक झेरॉक्स घेतात, झेरॉक्स मोजतात, झेरॉक्स पिशवीत घालतात, आणि ज्याच्यावरून झेरॉक्स काढली ते झाकणाखाली विसरून जातात. बहुतेक माणसं पाच मिनिटांत धापा टाकत परत येतात. काहीजण दुसऱ्या दिवशी येतात आणि वर दुकानदारालाच म्हणतात, "तुम्ही सांगायचं नाही का?"

त्याने कार्ड उलटं केलं. पंचविशीतली मुलगी. नाव वाचताच आठवलं. दुपारी चारच्या गर्दीत आली होती, खांद्याला निळी पिशवी. आधी एक पत्र दिलं होतं, आणि ते त्याने अर्थातच वाचलं होतं. रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाची नोकरी. निवड झालेली. कागदपत्र तपासणी सोमवारी सकाळी अकरा वाजता. आणि खाली जाड अक्षरात: मूळ ओळखपत्र सोबत नसल्यास उमेदवारी रद्द समजण्यात येईल.

"अगं, हे बघ!" तो ओरडला. "हिची नोकरी माझ्या काचेवर राहिली!"

बायको हात पुसत आली. तिने कार्ड बघितलं, पत्राची गोष्ट ऐकली, आणि या वेळी वाचल्याबद्दल त्याला बोलली नाही. दुसरं कार्ड काढायचं तर पंधरा दिवस लागतात हे दोघांनाही माहीत होतं. त्यासाठीचे अर्ज त्यांच्याच दुकानात मिळायचे.

तेवढ्यात मेव्हणा आला. बायकोचा भाऊ, शनिवारी येऊन बसायची त्याची पद्धत. त्याने लगेच फोन बाहेर काढला. "त्यात काय? फोटो काढतो, गल्लीच्या ग्रुपवर टाकतो. दहा मिनिटांत मुलगी हजर."

"मुलगी येईल की नाही माहीत नाही," बायको म्हणाली, "पण तिचा नंबर, जन्मतारीख आणि पत्ता दोनशे जणांच्या फोनमध्ये जाईल. उद्या कुणी तिच्या नावाने सिम घेतलं म्हणजे? ठेव तो फोन खिशात."

मेव्हण्याने फोन ठेवला. या घरात बायकोपुढे कुणाचीच मात्रा चालत नसे.

"सरळ चौकीवर द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन गल्ल्या पलीकडे आहे. नोंद करतील, पोच देतील. मुलीला हरवल्याचं कळलं की तीही तिथेच जाणार."

सोपी गोष्ट होती. आणि साधा माणूस असता तर त्याने ती केलीही असती. पण चौकशी खिडकीला ते कसं पटावं? कार्ड एकदा चौकीत दिलं की गोष्ट संपली. मुलगी कोण, कुठली, कार्ड हातात पडल्यावर तिचा चेहरा कसा होतो, यातलं काही बघायला मिळणार नाही. कार्डाच्या मागे पत्ता होता. बसने तासाभराचा रस्ता.

"उद्या रविवार," तो म्हणाला. "मी स्वतः नेऊन देतो. पोलिसांच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा बरं."

"नसती उठाठेव," बायको म्हणाली. पण रात्रीचा स्वयंपाक व्हायचा होता, आणि ती आत गेली.

रविवारी सकाळी दुकान नऊ ते बारा उघडं असायचं, आणि ते तो एकटाच उघडायचा. त्या रविवारी त्याने शटर उघडलंच नाही. कार्ड दुकानाच्या एका पाकिटात घातलं, पाकीट सदऱ्याच्या खिशात, आणि आठची बस पकडली.

घर सापडलं. दुसरा मजला, दाराबाहेर चपलांचं लाकडी कपाट, दारावर वडिलांच्या नावाची पितळी पाटी. दार वडिलांनीच उघडलं. साठीचे, नुकतीच दाढी केलेले, बोलायला अगदी गोड.

"कार्ड? आमच्या लेकीचं? अरे वा, या, या! बसा. अगं, पाणी आण."

आतून आई पाणी घेऊन आली. पेला ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मुलगी आहे का घरी?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

"जरा बाहेर गेलीय. द्या ना माझ्याकडे, मी देतो."

त्याचा हात खिशात गेलाही. पाकीट अर्धं बाहेर आलं. वडील म्हणाले, "फार उपकार झाले. कुठे सापडलं म्हणायचं?"

"माझ्या दुकानात."

"दुकान कुठे तुमचं?"

"तिकडे, जरा लांब."

"म्हणजे ती त्या भागात राहते का? एकटीच आली होती? कुठल्या बाजूने आली, लक्षात आहे? पुन्हा कधी येते म्हणाली?"

पाकीट अर्ध्यावरच थांबलं. झेरॉक्सवाल्याने आयुष्यभर लोकांना सहज म्हणून प्रश्न विचारले होते. सहज विचारलेला प्रश्न कसा असतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? आणि हे प्रश्न सहज नव्हते. जी मुलगी 'जरा बाहेर' गेलीय, ती कुठे राहते हे बाप दुकानदाराला का विचारेल? आई दारात उभी होती. ती पाकिटाकडे अशी बघत होती की त्याने ते परत खिशात सरकवलं.

"असं करतो," तो म्हणाला, "मी ते तिच्याच हातात देतो. नाहीतर चौकीत जमा करतो. तसा नियमच आहे म्हणे."

"अहो, मी बाप आहे तिचा!" आवाजातला गोडवा क्षणात उतरला. "बापाला कसला नियम? सहा महिने झाले, एक शब्द नाही. घरात ठरलेलं सगळं टाकून गेली. ते कार्ड इथे असेल तर येईल की झक मारत!"

आता सगळं उघड झालं. झेरॉक्सवाला उठला, चपला घालायला दाराबाहेर वाकला. वडील आत फोन शोधायला गेले होते. तेवढ्यात आई दारापर्यंत आली. कुठे राहते, काय करते, यातलं तिने काही विचारलं नाही.

"बारीक झालीय का हो?" तिने हळूच विचारलं.

त्याने मुलीचं पत्र वाचलं होतं, तारीख वाचली होती, वेळ वाचली होती. चेहरा नीट बघितलाच नव्हता. "नाही, चांगली आहे," असं काहीतरी पुटपुटून तो जिना उतरला.

बऱ्याच वेळाने मिळालेल्या परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्याने पाकीट पुन्हा बाहेर काढलं, आणि त्याचं डोकंच फिरलं. पाकिटावर दुकानाचा शिक्का होता. ठळक, निळ्या शाईत, नाव, रस्ता, चौक, फोन नंबर. स्वतःच्या हाताने एकेक पाकिटावर मारलेला. अर्धं बाहेर आलेलं पाकीट त्या बापाने चांगलं दोन मिनिटं बघितलं होतं. अरे गाढवा! तोंडाला कुलूप लावलंस, आणि खिशावर पाटी!

दुपारी एक वाजता तो घामाघूम होऊन चौकीत पोहोचला. टेबलाशी एक हवालदारबाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मोठी वही उघडली आणि शांतपणे लिहायला घेतलं. वस्तू कोणती, कुठे सापडली, किती वाजता, कुणाला, सापडणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन. कार्डाचा नंबर त्यांनी दोनदा ताडून बघितला. मग कार्ड सरकारी लखोट्यात घालून बंद केलं, जोडावर त्याची सही घेतली, स्वतःची केली, आणि त्याला पोच दिली.

"काल रात्रीच का नाही आलात?"

"म्हटलं, घरी नेऊन द्यावं."

"काका," त्यांनी चष्मा खाली सोडला, "कार्डावर पत्ता असतो. माणूस तिथे असतोच असं नाही. कुणी घर बदललेलं असतं, कुणी घर सोडलेलं असतं. का सोडलं, ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून आपण कुणाच्या दारात जायचं नाही. इथे द्यायचं, नाहीतर ज्यांनी कार्ड दिलं त्या कार्यालयात."

"पण त्या बापाने शिक्का बघितलाय. तो दुकानावर येणार."

"येऊ दे. तुमच्याकडे आता कार्ड नाही. तुम्ही पोच दाखवायची, बस. बाकी आमच्यावर सोडा."

"उद्या अकराला तिची तपासणी आहे हो! मूळ कार्ड लागतं!"

हवालदारबाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही, पण त्याचे कान मात्र लाल झाले. त्यांनी दुसरी वही ओढली, हरवल्याच्या तक्रारींची, आणि बोट फिरवत खाली आल्या. एका ओळीवर बोट थांबलं.

"तक्रार आलीय का? फोन नंबर आहे का तिचा?" तो टेबलावरून वाकला.

त्यांनी वही मिटली. "तुम्ही घरी जा."

"पण आलीय का, तेवढं तरी—"

"काका. घरी जा."

घरी बायकोने सगळं ऐकलं. तो बोलणी खायच्या तयारीने बसला होता, पण तसं झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "त्या आईला काहीतरी धड सांगायचं होतंत."

सोमवारी साडेनऊला शटर वर गेलं आणि दहा मिनिटांत वडील दुकानात हजर. त्याने न बोलता पोच पुढे केली. वडिलांनी ती वाचली, परत टेबलावर टाकली आणि तरातरा चौकीकडे निघाले.

आता दुकानात कुणाचं लक्ष लागणार? मुलगी त्याच वेळी कार्ड घ्यायला आली असली तर? बापलेक चौकीच्या पायरीवर समोरासमोर आले तर? आणि हे सगळं कुणाच्या चोंबडेपणामुळे? त्याने बायकोला दुकान सांभाळायला सांगितलं आणि मागोमाग धावला.

चौकीत वडील टेबलावर हात आपटत होते. "मी बाप आहे! माझं स्वतःचं कार्ड बघा, नाव जुळतंय!"

"नाव जुळतंय, चेहरा नाही," हवालदारबाई म्हणाल्या. "ओळखपत्र ज्याचं असतं त्यालाच मिळतं. समोर उभं राहून, चेहरा ताडून, सही करून. मुलगी सज्ञान आहे."

"म्हणजे अजून इथेच आहे कार्ड? की घेऊन गेली? कधी येणार आहे?"

"ते मी सांगू शकत नाही."

वडिलांनी आणखी दोनदा विचारलं. तेच उत्तर आलं, त्याच आवाजात. शेवटी ते बाहेर पडले आणि समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभे राहिले. आता त्यांना कुठे जावं ते सुचत नव्हतं. रागाच्या मागे एक थकलेला म्हातारा उभा होता, हे झेरॉक्सवाल्याला तेव्हा दिसलं, आणि त्याला त्यांचीही दया आली. घड्याळात साडेदहा झाले होते.

ते बसस्टॉपकडे वळल्यावर तो लगबगीने टेबलाशी गेला. "बाई, गेली ना घेऊन? पोहोचेल ना वेळेवर?"

"ते मी सांगू शकत नाही."

"अहो, पण मी तर कार्ड आणून दिलं!"

"म्हणूनच पोच दिलीय," हवालदारबाई म्हणाल्या. "त्यांना जे उत्तर, तेच तुम्हाला."

आपण आणि तो बाप यांत काय फरक, हे तो सांगायला निघाला होता. पण त्या वहीपुढे दोघंही सारखेच होते: दोघांना एका मुलीबद्दल काहीतरी जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगायचं की नाही हे ती मुलगीच ठरवणार होती. तो मुकाट्याने दुकानात परत आला.

पुढचे दोन महिने त्याने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. रोज संध्याकाळी मशीनचं झाकण उचलून तो काच दोनदा बघायचा. नोकरी मिळाली का? गेली? रुग्णालयात जाऊन विचारावं असं दहादा मनात आलं, आणि दहाही वेळा बायकोने नुसती मान वर करून बघितलं. तो गेला नाही. त्याऐवजी त्याने मशीनवर एक पाटी चिकटवली, 'मूळ कागद घेतला का?', आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोंडानेही विचारायला लागला. लोक वैतागायचे. वैतागू देत.

आणि एका दुपारी निळी पिशवी दुकानात आली.

त्याने आधी चेहरा बघितला. या वेळी नीट बघितला. मग गळ्यातल्या पट्टीला लावलेलं रुग्णालयाचं कार्ड दिसलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "मिळाली!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की आतून बायको बाहेर आली.

मुलगी हसली. "मिळाली, काका. त्या रविवारी मी नऊपासून तुमच्या शटरसमोर उभी होते. दीड तास. मग चौकीत गेले तक्रार द्यायला. दुपारी फोन आला, संध्याकाळी कार्ड मिळालं."

दीड तास! तो ज्या वेळी तिच्या बापासमोर पाणी पीत होता, त्या वेळी ती इथे उभी होती. शटरवर नुसती एक चिठ्ठी लावली असती तरी भागलं असतं. त्याने मग काहीच लपवलं नाही. बसने गेल्याचं, शिक्क्याचं, बाप चौकीत आल्याचं, सगळं सांगितलं आणि म्हणाला, "चुकलं माझं, बाळा. मी तुझ्या घरी जायला नको होतं."

ती शांतपणे ऐकत होती. बाप आल्याचं तिला माहीत असावं.

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "निरोप नाही, आणि उत्तर दिलंच पाहिजेस असंही नाही. तुझ्या आईने मला एकच विचारलं. बारीक झालीय का."

तिने पिशवीचा बंद धरला, सोडला, पुन्हा धरला. मग तिने गळ्यातून कार्ड काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"रंगीत निघते ना, काका? एक काढा. फोटो जरा मोठा करून. नुसता फोटो."

त्याने कार्ड घेतलं. त्यावर रुग्णालयाचं नाव होतं, विभाग होता, नंबर होता, मागे राहण्याचा पत्ता होता. हे सगळं वाचायला त्याला पूर्वी दोन सेकंद पुरायचे. त्याने ड्रॉवरमधून कोरा कागद काढला, कात्रीने पट्ट्या कापल्या आणि फोटो सोडून बाकी सगळं झाकलं. ओठ हलले नाहीत. बायको बघत होती.

कागद बाहेर आला. फक्त चेहरा, वीतभर मोठा, गाल भरलेले, केस नीट बांधलेले, किंचित हसणारा.

"पाकीट आहे का?" मुलीने विचारलं.

त्याने सवयीने वरचा गठ्ठा उचलला, निळ्या शिक्क्याचा. बघितला, परत खाली ठेवला, आणि तळातून एक कोरं पाकीट शोधून दिलं. ती पाकिटावर आईचं नाव लिहायला वाकली, तेव्हा चौकशी खिडकी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिचं लिहून होईपर्यंत वळली नाही.